दमट हवेत धावताना वेग किती कमी ठेवावा? दवबिंदूवरून मांडता येणारे सोपे गणित

गोव्यात जानेवारीतील पहाटे दहा किलोमीटर अंतर एका तासात सहज कापणारा धावपटू मे महिन्यात त्याच रस्त्यावर, त्याच वेळी धावू लागला की सहाव्या-सातव्या किलोमीटरलाच त्याची दमछाक होते. सराव कमी पडला, असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात कारण बहुधा हवेत असते आणि त्याचा अंदाज आधीच बांधता येतो.

धावताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत रूपांतरित होतो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला दहा किलोमीटर धावण्यास साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेते. हिशेबाने पाऊण लिटर घाम पुरेसा ठरावा. पण त्वचेवरून वाळणारा घामच शरीर थंड करतो. नुसताच ठिबकणारा घाम शरीरातील पाणी तेवढे कमी करतो. दमट हवेत नेमके हेच घडते. मग शरीर त्वचेकडे अधिक रक्त वळवते, स्नायूंच्या वाट्याला कमी रक्त येते आणि त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढत जातात.

आर्द्रतेची टक्केवारी का फसवते?

हवामानाच्या अंदाजात दिसणारी सापेक्ष आर्द्रता तापमानानुसार बदलते. पहाटे २८ अंश तापमानाला ८९ टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी ३४ अंशांपर्यंत तापली की तीच आर्द्रता ६३ टक्के दिसते. हवेतील बाष्प मात्र तेवढेच असते. ते बाष्प दवबिंदूवरून कळते. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते, तो दवबिंदू. वरील दोन्ही वेळी तो २६ अंशच आहे. मोबाइलवरील बहुतेक हवामान ॲपमध्ये हा आकडा मिळतो.

ठोकताळा

तापमान आणि दवबिंदू, दोन्ही सेल्सिअसमध्ये घेऊन त्यांची बेरीज करावी आणि दर किलोमीटरला लागणारा वेळ पुढीलप्रमाणे वाढवावा. प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला हा तक्ता मूळ फॅरेनहाइटमध्ये आहे. येथे तो सेल्सिअसमध्ये, जवळच्या पूर्णांकात दिला आहे.

- २० पर्यंत : वाढ नको
- २० ते ३१ : १ टक्क्यापर्यंत
- ३१ ते ३७ : १ ते २ टक्के
- ३७ ते ४२ : २ ते ३ टक्के
- ४२ ते ४८ : ३ ते साडेचार टक्के
- ४८ ते ५३ : साडेचार ते ६ टक्के
- ५३ ते ५९ : ६ ते ८ टक्के
- ५९ ते ६४ : ८ ते १० टक्के
- ६४ च्या वर : वेगाचा सराव टाळावा

हा तक्ता थंड, कोरड्या हवेतील वेळ गृहीत धरतो. किनारपट्टीवरील धावपटूची सर्वोत्तम वेळ मात्र बहुधा मुळातच काहीशा उबदार हवेत नोंदलेली असते. म्हणून दोन दिवसांच्या टक्केवारीतील फरक धरणे योग्य.

समजा, जानेवारीत २१ अंश तापमान आणि १८ अंश दवबिंदू असताना धावपटूने दर किलोमीटरला ६ मिनिटे घेतली. बेरीज ३९, म्हणजे सुमारे अडीच टक्के. मे महिन्यात तापमान २८ आणि दवबिंदू २६ असेल, तर बेरीज ५४, म्हणजे सुमारे साडेसहा टक्के. फरक ४ टक्क्यांचा. ३६० सेकंदांचे ४ टक्के म्हणजे १४ सेकंद. त्या दिवशीचे लक्ष्य किलोमीटरला ६ मिनिटे १४ सेकंद, आणि दहा किलोमीटरला सुमारे ६२ मिनिटे २० सेकंद. हा वेग जानेवारीतील एका तासाच्या तोडीचाच मानावा.

मर्यादा

या बेरजेत ऊन आणि वारा धरलेले नाहीत. सावली नसलेल्या रस्त्यावर सकाळी नऊनंतर याहून अधिक सूट घ्यावी लागते. अंतर वाढेल तशी उष्णता साठत जाते, म्हणून अर्धमॅरेथॉनसाठी टक्केवारीची वरची मर्यादा धरणे सुरक्षित. थंड प्रदेशातून नुकत्याच आलेल्या व्यक्तीच्या शरीराला जुळवून घेण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत तिच्यासाठी हा आकडा अपुरा ठरतो.

लक्ष्य चुकल्याची खूण सुरुवातीलाच दिसते. वेग स्थिर असूनही हृदयाचे ठोके सतत चढत असतील, तर वेग आणखी कमी करावा. गरगरणे, उष्ण हवेत अंगावर शहारे येणे, मळमळ होणे यांपैकी काहीही जाणवल्यास धावणे थांबवून सावली गाठावी. बोलण्यात असंबद्धता आल्यास तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्या व्यक्तीचे अंग थंड पाण्याने तत्काळ भिजवत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.