डेसिबलचा हिशोब: मागाच्या शेडपासून मोबाइलपर्यंत

जतमधल्या एखाद्या अभ्यासिकेत दुपारी डोकावले तर सारे कसे शांत वाटते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली कानांत इअरफोन घालून तासन् तास व्याख्याने ऐकत बसलेली असतात. मधेच कुणाच्या तरी मोबाइलवर सूचना उमटते: मोठ्या आवाजात दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. अंगठा 'OK' वर पडतो आणि व्याख्यान पुढे चालू राहते. ही सूचना आली कुठून, असा शोध घेत मागे गेले तर वाट मोबाइल कंपनीच्या कचेरीत थांबत नाही. ती कारखान्यात जाते, आणि तिथून थेट विणकरांच्या शेडमध्ये. विट्याचे यंत्रमाग ज्या सांगली जिल्ह्यात खडखडतात, त्या जिल्ह्याला ही शेड परकी नाही.

गोंगाटाने बहिरेपण येते हे जुनेच ज्ञान. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी 1886 मध्ये बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा त्यांतल्या एकाचेही ऐकणे धड निघाले नाही. पण किती आवाज आणि किती वर्षे, याचे उत्तर मिळायला आणखी ऐंशी वर्षे लागली. ते मिळाले स्कॉटलंडमधल्या डंडी गावी. बंगालचा ताग तिथे विणला जाई आणि मागावर बहुतांशी बायका असत. एकाच खात्यात, एकाच प्रकारच्या मागावर उभा जन्म काढलेल्या या विणकर बायका संशोधकांच्या दृष्टीने मोलाच्या होत्या, कारण आवाज तोच आणि बदलत होती ती फक्त वर्षे. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये या तपासणीचे निष्कर्ष छापले. सगळ्यात मोठी घट 4000 हर्ट्झच्या आसपास होती आणि ती बरीचशी पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच झालेली होती. पुढे काही काळ कान जैसे थे राहत आणि मग घट खालच्या, म्हणजे बोलण्याला अधिक लागणाऱ्या पट्टीकडे सरके.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पहिला घाव तरुणपणीच बसतो, पण तेव्हा माणसाला बोलणे समजत असते, म्हणून तो कळत नाही. आधी हरवतात ते रातकिडे. मग 'स', 'श', 'फ' ही बारीक व्यंजने पुसट होतात. 'सात' म्हटलेले 'आत' ऐकू येते आणि माणूस म्हणतो, 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही.' वयामुळे असेल, अशी समजूत घालून घेतली जाते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे यावर औषध नाही.

पुढचा टप्पा 1970 चा. बर्न्स आणि रॉबिन्सन या दोघा ब्रिटिश संशोधकांनी कारखान्यांतल्या नोंदींवरून मांडले की कानाला इजा होते ती त्यावर पडलेल्या एकूण ध्वनिऊर्जेने. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. म्हणून तीन डेसिबल वाढले तर वेळ निम्मी करायची. अमेरिकेने त्याच सुमारास पाच डेसिबलला वेळ निम्मी, असा सैल नियम धरला. कामात अधूनमधून खंड पडतो आणि कानाला विसावा मिळतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आपल्या कारखाने अधिनियमाखालच्या नमुना नियमांत जो तक्ता आला तो अमेरिकी वळणाचा: 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन. माझ्या मते खंडाचा हा युक्तिवाद मागाच्या शेडमध्येच लंगडा पडतो. इअरफोनला तर तो लागूच होत नाही. एक व्याख्यान संपले की दुसरे आपोआप सुरू होते.

1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गोंगाट खिशात गेला. सरकारांना जाग यायला मात्र वेळ लागला. फ्रान्सने 1996 मध्ये कायदा करून अशा यंत्रांवर 100 डेसिबलची कमाल मर्यादा घातली आणि सावधानतेचा मजकूर छापणे सक्तीचे केले. या मर्यादेपायी 2002 मध्ये तिथे आयपॉडची विक्री काही काळ थांबली होती. पुढे युरोपीय मानकाने 2013 पासून 85 डेसिबलवर थांबा ठेवला. त्यापुढे आवाज न्यायचा तर वापरणाऱ्याने सूचना वाचून होकार द्यायचा आणि दर वीस तासांच्या ऐकण्यानंतर तो होकार पुन्हा मागायचा. अभ्यासिकेतला तो 'OK' या तरतुदीचा वंशज आहे. दोष असा की ही सूचना त्या क्षणाचा आवाज पाहते, आठवडाभराची बेरीज पाहत नाही.

ती बेरीज आली 2019 मध्ये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून मानक दिले: प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलने 40 तास, मुलांसाठी 75 डेसिबलने 40 तास. 40 तास म्हणजे कारखान्यातला कामाचा आठवडाच. डंडीची सावली इथवर पोचली आहे.

आता हा हिशोब जतच्या एका विद्यार्थ्यावर मांडू. तो रोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस व्याख्याने ऐकतो. एकूण 36 तास. आवाज 80 डेसिबल असेल तर आठवड्याच्या शिध्यातला 90 टक्के वाटा संपला. तोच आवाज 74 वर आणला तर सहा डेसिबल कमी, म्हणजे ऊर्जा पाव. वाटा साडेबावीस टक्क्यांवर येतो. पण हाच मुलगा रोज गावाहून येता-जाता एसटीत मिळून अर्धा तास 95 डेसिबलने गाणी ऐकत असेल तर? 95 डेसिबलला आठवड्याचा सगळा शिधा सव्वा तासात संपतो. त्याचे तीन तास भरतात, म्हणजे 240 टक्के. अभ्यासाचे 36 तास एकीकडे आणि गाण्यांचे तीन तास एकीकडे, तरी पारडे गाण्यांचेच जड.

एसटीत आवाज का वाढतो हे उघड आहे. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला अंगठा वर जातो. विट्याच्या शेडमध्ये मागावर उभे राहून कुणी इअरफोन लावला तर हेच, पण कितीतरी वाईट: मागाचा आवाज कानावर आहेच, त्यावर गाण्याची भर. मोबाइल फक्त स्वतः पाठवलेला आवाज मोजतो. बाहेरचा गोंगाट त्याच्या हिशोबात नसतो. शिवाय जोडलेला इअरफोन अनोळखी असला तर कानात प्रत्यक्ष किती डेसिबल पडतात याचा तो केवळ अंदाज बांधतो. ब्लूटूथवरचे साधन इअरफोन आहे की स्पीकर हेही कधीकधी त्याला सांगावे लागते.

म्हणून मर्यादा घालायची ती शांत खोलीत बसून, बसमध्ये नव्हे. आयफोनमध्ये 'Headphone Safety' खाली 'Reduce Loud Audio' आहे. तिथे 75 ते 100 डेसिबलमधला आकडा निवडता येतो. सॅमसंगच्या फोनमध्ये 'Media volume limit' आहे आणि तिला पिनचे कुलूप लावता येते. ती मात्र डेसिबल जाणत नाही, नुसती पट्टी अडवते. प्रवासात ऐकायचेच असेल तर कानाच्या भोकात घट्ट बसणारे रबरी टोक गोंगाट अडवते आणि मग कमी आवाजात भागते. अर्थात रस्ता ओलांडताना तेच धोक्याचे. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा आवाज कापसातून आल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी शिधा ओलांडला असे समजावे. सकाळी कान मोकळा झाला तरी इजा झालीच नाही असे होत नाही.

2025 च्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य खात्याचा सल्ला वर्तमानपत्रांत आला: आवाज 50 डेसिबलहून अधिक नको आणि दिवसाला दोन तासांहून अधिक ऐकणे नको. वरच्या हिशोबाने पाहिले तर 50 डेसिबल म्हणजे हळू आवाजातल्या गप्पा; एवढ्या आवाजाने दिवसभर ऐकले तरी कानाला धक्का लागत नाही, आणि चालत्या एसटीत तर तो ऐकूच येणार नाही. उलट 50 हा आकडा फोनच्या पट्टीचा निम्मा भाग म्हणून वाचणारे बरेच असतील. त्या निम्म्यावर कानात किती डेसिबल पडतील, हे इअरफोनागणिक वेगळे.