टाकीत पाणी किती आणि ते पुरणार किती दिवस?

‘येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल,’ ही सूचना पुणेकरांच्या चांगल्याच परिचयाची आहे. जलकेंद्रे आणि जलवाहिन्यांच्या देखभालीसाठी बहुधा गुरुवार निवडला जातो. सूचना प्रसिद्ध झाली, की प्रत्येक सोसायटीत एकच प्रश्न विचारला जातो : आपल्या टाकीतील पाणी तोपर्यंत पुरेल का? त्याचे उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिले जाते आणि तो अंदाज सहसा अधिकच निघतो. वास्तविक मोजपट्टी, खुणा केलेली बांबूची काठी आणि शाळेतील गुणाकार एवढ्या सामग्रीवर हे उत्तर बरेचसे अचूक काढता येते. मात्र टाकीत मावणारे पाणी आणि टाकीतून प्रत्यक्ष उपसता येणारे पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

उदाहरणादाखल २४ सदनिकांची एक इमारत घेऊ. घरटी चार माणसे धरल्यास रहिवासी ९६ होतात. इमारतीला जमिनीखाली काँक्रीटची आयताकृती टाकी असून गच्चीवर प्लास्टिकच्या आठ गोल टाक्या एकमेकींना जोडलेल्या आहेत.

आयताकृती टाकीचे माप

आयताकृती टाकीचे सूत्र सोपे आहे. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार केला की घनमीटर मिळतात आणि १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. मापे फुटांत असतील तर गुणाकार घनफुटांत येतो, त्याला २८.३ ने गुणले की लिटर मिळतात.

चूक होते ती मापे घेण्यात. आपल्या इमारतीच्या नकाशात टाकीची बाहेरील मापे ६.४ मीटर लांबी व ३.९ मीटर रुंदी अशी आहेत आणि खोली २.४ मीटर आहे. यावरून क्षमता सुमारे ५९,९०० लिटर येते. परंतु भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या असल्याने आतील लांबी ६ मीटर आणि रुंदी ३.५ मीटरच भरते. म्हणजे क्षमता ५०,४०० लिटर झाली. साडेनऊ हजार लिटर केवळ भिंतींच्या जाडीत गेले.

हेही पाणी सगळे हाती लागत नाही. ओव्हरफ्लोची नळी छतापासून ३० सेंटिमीटर खाली आहे. पाणी त्यावर चढूच शकत नाही. तळाशी पंपाचा फूट व्हॉल्व्ह ३० सेंटिमीटर उंचीवर बसवलेला आहे. त्याखालचे पाणी पंप उचलत नाही आणि गाळ साचत असल्याने ते उचलूही नये. उरली १.८ मीटर खोली. सहा गुणिले साडेतीन गुणिले १.८, म्हणजे ३७,८०० लिटर. नकाशावरून काढलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा २२ हजारांनी कमी आहे.

येथे एक उपयुक्त आकडा कायमचा लिहून ठेवावा. या टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ २१ चौरस मीटर आहे. म्हणून पातळीतील प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे २१० लिटर. पुढील सारे हिशेब या एका आकड्यावर होतात.

मोजण्यासाठी टाकीत उतरण्याचा मोह मात्र टाळावा. बंद टाकीत प्राणवायूचे प्रमाण कमी असू शकते आणि त्यामुळे प्राण जाण्याचे प्रसंग घडलेले आहेत. सेंटिमीटरच्या खुणा केलेली स्वच्छ काठी तोंडातून सरळ तळापर्यंत सोडली की ओल्या भागावरून पातळी कळते. आतील लांबी-रुंदी टाकी सफाई करणाऱ्या जाणकार मंडळींकडून सफाईच्या वेळी मोजून घ्यावी.

गोल टाकीचे माप

गोल टाकीसाठी व्यासाला व्यासानेच गुणावे, त्याला ०.७८५ ने गुणावे आणि शेवटी उंचीने गुणावे. मापे मीटरमध्ये असल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते. व्यास थेट मोजणे अवघड असेल तर टाकीभोवती टेप गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. आपल्या गच्चीवरील टाकीचा घेर ४.४ मीटर भरला, म्हणजे व्यास १.४ मीटर. सरळ उभ्या भागाची उंची १.३ मीटर आहे. वरचा घुमटाकार भाग हिशेबात धरायचा नाही. यावरून एका टाकीची क्षमता सुमारे २००० लिटर येते.

येथे दोन चुका हमखास होतात. व्यासालाच त्रिज्या समजून शाळेतील सूत्र वापरले तर उत्तर चौपट, म्हणजे ८००० लिटर येते. आणि गोल टाकीला चौकोनी समजून व्यास गुणिले व्यास गुणिले उंची केले तर उत्तर सुमारे २७ टक्क्यांनी फुगते. टाकीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्यास या चुका तत्काळ लक्षात येतात.

याही टाकीत पाणी काठोकाठ भरत नाही. बॉल कॉक वरच्या कडेपासून १२ सेंटिमीटर खाली पाणी थांबवतो आणि बाहेर जाणारी नळी तळापासून ८ सेंटिमीटर वर आहे. वापरण्याजोगी उंची उरते ११० सेंटिमीटर. आठही टाक्या मिळून एका सेंटिमीटरला १२३ लिटर पाणी असते. म्हणून गच्चीवरील उपयुक्त साठा १३,५३० लिटर होतो. वर आणि खाली मिळून एकूण ५१,३३० लिटर. आग विझवण्यासाठी वेगळ्या टाकीत राखलेले पाणी यात कदापि मिळवू नये.

रोजचा खप मोजावा कसा?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण दिलेले आहे. त्यानुसार ९६ जणांना रोज १२,९६० लिटर लागावेत. परंतु हे पुरवठ्याचे नियोजन करण्याचे प्रमाण आहे. आपल्या इमारतीत प्रत्यक्ष किती पाणी खर्च होते, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी एक दिवस द्यावा. पालिकेच्या पाण्याची झडप बंद करावी आणि सकाळी नऊ वाजता खालची व वरची पातळी लिहून घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावे. समजा, खालची पातळी ६२ आणि वरची १५ सेंटिमीटरने उतरली. खालून १३,०२० व वरून १,८४५ लिटर गेले. एकूण खप १४,८६५ लिटर, म्हणजे दरडोई १५५ लिटर. दिवसभर पंपाने वर चढवलेले पाणी वेगळे मोजावे लागत नाही, कारण ते खालच्या घटीत आलेलेच असते.

आता भागाकार करू. नकाशावरील ५९,९०० आणि टाक्यांवर छापलेले १६,००० लिटर मिळवून, दरडोई १३५ लिटरने भागले तर साठा जवळपास सहा दिवस पुरेल असे दिसते. प्रत्यक्ष मोजमापानुसार तो साडेतीन दिवसांपेक्षाही थोडा कमी पुरतो.

गुरुवारचा हिशेब

बंद एका दिवसाचा असला तरी पाणी एका दिवसापुरते पुरून भागत नाही. पाणी सकाळी येत असेल तर शेवटचा पुरवठा बुधवारी नऊ वाजता थांबतो आणि पुढचा, कमी दाबाने, शुक्रवारी दुपारी बारापर्यंतही येत नाही. म्हणजे तजवीज ५१ तासांची हवी.

बुधवारी नऊ वाजता खालच्या टाकीत तळापासून १४० सेंटिमीटर पाणी असेल, तर फूट व्हॉल्व्हखालचे ३० वजा जाता ११० सेंटिमीटर, म्हणजे २३,१०० लिटर कामाचे. वर नळीच्या पातळीपासून ६० सेंटिमीटर पाणी असल्यास ते ७,३८० लिटर. एकूण ३०,४८० लिटर. दोन पूर्ण दिवसांना २९,७३० लिटर लागतात. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता हाती उरतात अवघे ७५० लिटर. पुढील तीन तासांना सरासरीने सुमारे १,८६० लिटर लागतील. पाणी कमी पडणार, हे बुधवारीच कळते.

हा हिशेब पूर्ण दिवसांच्या पटीत करणे श्रेयस्कर. मध्यरात्री पाण्याचा वापर नगण्य असतो, तर सकाळी सहा ते नऊ या वेळेत तो सर्वाधिक. त्यामुळे ताशी सरासरीवर भिस्त ठेवल्यास साठा सकाळच्या गर्दीतच संपून फसगत होते.

रात्रीची गळती

अशा वेळी टँकर बोलावण्यापूर्वी आणखी एक मोजणी करावी. रात्री एक ते पाच पंप बंद ठेवून वरच्या टाक्यांची पातळी पाहावी. ती ३ सेंटिमीटरने उतरली, तर चार तासांत सुमारे ३७० लिटर गेले. त्यातील १३० लिटर रहिवाशांच्या वापराचे धरले तरी २४० लिटर कोठेतरी झिरपले. ताशी ६० लिटर, म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. एकूण खपाच्या जवळपास दहा टक्के. शौचालयाच्या फ्लश टाकीतून अखंड वाहणारी बारीक धार हे याचे नेहमीचे कारण. फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास वापर थांबवावा. भांड्यात रंग दिसला तर गळती तेथेच आहे.

ही गळती बुधवारपूर्वी थांबली, तर रोजचा खप १३,४२५ लिटरवर येतो. दोन दिवसांनंतर ३,६३० लिटर उरतात आणि शुक्रवारची दुपार टँकरविना निभावते.

तरीही टँकर मागवावाच लागला, तर सेंटिमीटरचा तोच आकडा कामी येतो. पंप व पालिकेची झडप बंद ठेवून टँकर रिकामा होण्यापूर्वी आणि नंतर खालची पातळी मोजावी. दहा हजार लिटरच्या टँकरने आपल्या टाकीची पातळी साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरने वाढली पाहिजे. ती ४१ सेंटिमीटरनेच वाढली, तर मिळालेले पाणी ८,६१० लिटर असते. पैसे देण्यापूर्वी काठी दाखवून हा फरक सांगता येतो.