रुपयाला आणा : गिरणीच्या दारापासून मजुरांच्या वस्तीपर्यंत

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या पश्चिमेला एका मोठ्या बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत मला बोलायला बोलावलं होतं. बोलावणारी माझी जुनी विद्यार्थिनी. ती तिथल्या मुलांचं पाळणाघर चालवते. विषय तिनंच दिला होता : ‘रोजाच्या व्याजाचं कर्ज’. मी कामगार इतिहासाचा माणूस, जुन्या मुंबईच्या गिरण्यांवर लिहिणारा. मी तिला म्हणालो, “बाई, मला आजच्या सावकारीचं काय कळतं?” ती म्हणाली, “सर, तुम्ही जुनंच सांगा. त्यांचं ते लावून घेतील.” झालंही तसंच. फक्त लावून घ्यायचं काम माझ्यावर आलं.

बोलणार होतो ते असं. 1929 साली ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. 1931च्या अहवालात कर्जबाजारीपणावर स्वतंत्र विवेचन आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असं आयोगाचं म्हणणं. व्याजाचा सर्रास चालणारा दर रुपयाला महिन्याकाठी एक आणा.

‘रुपयाला आणा’ हे शब्द ऐकायला गोड आहेत. त्यात टक्का नाही, वर्ष नाही. लालबाग-परळच्या चाळीतल्या माणसाला आणा म्हणजे काय हे हातात धरून कळत होतं, त्यामुळे तो फारसा वाटतही नसे. पण एका रुपयाचे सोळा आणे. म्हणजे सोळा महिन्यांत व्याज मुद्दलाइतकं होतं, आणि वर्षाचा दर पडतो 75 टक्के. तीस रुपये पगाराच्या माणसानं पन्नास रुपये घेतले असं धरू. महिन्याचं व्याज झालं पन्नास आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे. पगाराचा दहावा हिस्सा. तो इमानानं देत राहिला तर वर्षाकाठी साडेसदतीस रुपये जातात आणि पन्नास रुपये जिथल्या तिथे. सावकाराला मुद्दल परत येण्याची घाई नव्हती, कारण आलं असतं तर उत्पन्न थांबलं असतं.

हा सावकार म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर गिरणीच्या दारातला काठीवाला पठाण येतो. तो होता, पण तो सर्वांत ठळक दिसणारा होता इतकंच. वाणी उधारीवर धान्य देई, जॉबर कामावर घेताना दस्तुरी घेई आणि वर व्याजानं पैसेही देई, कधी शेजारच्या साच्यावरचा जोडीदारच देई. चेहरा पठाणाचा आणि धंदा सगळ्यांचा, या गफलतीची किंमत शहरानं मोजली आहे. फेब्रुवारी 1929 मध्ये पठाण मुलं पळवतात अशी अफवा उठली आणि मुंबईत दंगल पेटली. माणसं मेली. व्याजाचा दर मात्र आण्यावरच राहिला.

इथपर्यंत मी वस्तीत सांगून झालं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक माणसं बसली होती, बाया एका बाजूला. तेवढ्यात नांदेडकडचा एक गवंडी म्हणाला, “साहेब, ते टक्के राहू द्या. आमचं तर दहालाच आहे. दहा हजारात हजार. शंभर दिवसांत मोकळं.”

मी त्याला ते नीट सांगायला लावलं. दहा हजारांचं कर्ज. देताना हजार रुपये आधीच कापून घ्यायचे, हातात नऊ. मग रोज संध्याकाळी माणूस येतो, शंभर रुपये घेतो, कार्डावर टिंब मारतो. शंभर दिवस. त्याच्या हिशेबानं दहा टक्के, आणि तेही एकदाच. बँकसुद्धा याहून जास्त घेते, असं कुणीतरी मागून बोललं.

मी खिशातला कागद काढला. पहिली गोष्ट, हातात दहा आले नाहीत, नऊ आले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नऊ हजार शंभर दिवस त्याच्याकडे राहिलेच नाहीत. पहिल्याच संध्याकाळपासून ते परत जायला लागले. पन्नासाव्या दिवशी साधारण निम्मे परत गेलेले असतात. सरासरी धरली तर त्यानं शंभर दिवस वापरले ते साडेचार हजारांच्या आसपास, आणि त्यावर दिले हजार. रोजच्या हप्त्याचा काटेकोर हिशेब घातला तर वर्षाचा दर 77 टक्क्यांच्या घरात जातो. आकडा आला तेव्हा मीच क्षणभर थांबलो. नव्वद वर्षांपूर्वीचा रुपयाला आणा 75 टक्के होता. नाणं बदललं, मोजायची तऱ्हा बदलली, दर जवळपास तोच.

पण मजूर पोखरला जातो तो या दरानं नाही, असं मला त्या संध्याकाळी कळलं. तो पोखरला जातो फिरवण्यानं. त्यांचाच शब्द. साठाव्या दिवशी पाऊस लागतो, स्लॅबचं काम थांबतं, खाडे पडतात. हप्ता मात्र खाडा ओळखत नाही. मग वसुलीचा माणूसच सुचवतो, नवं घे. नव्या दहा हजारांतून हजार कापले, जुन्याचे राहिलेले चार हजार वळते केले, हातात पाच हजार. शंभर दिवस पुन्हा पहिल्यापासून. आता बघा, त्या जुन्या चार हजारांवर कापणी आधी एकदा झाली होती. त्याच पैशांवर चारशे रुपये दुसऱ्यांदा कापले गेले. दर साठ दिवसांनी असं फिरवत गेलं तर वर्षात सहा वेळा हजार, म्हणजे सहा हजार जातात. सहाशे रुपये रोजानं दहा दिवसांची मजुरी. आणि गिरणीतल्या पन्नास रुपयांसारखंच, कर्ज कधी संपतच नाही.

एका बाईनं विचारलं, “मग घ्यायचंच नाही का? रात्री पोराला ताप आला तर कोण देतं?” याला उत्तर इतिहासात शोधावं लागतं, कारण गिरणी कामगार तरी कर्ज का घेत होता? लग्न, बारसं, दारू अशी यादी त्या काळच्या मालकांनी फार आवडीनं दिली आहे. पण एक कारण पगाराच्या तारखेतच होतं. कोकणातून नवा आलेला माणूस पहिला महिनाभर राबे, आणि त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेला हातात पडे. म्हणजे सुमारे सहा आठवडे वाण्याच्या वहीवर जगणं. गिरणीनं कामगाराचे पैसे बिनव्याजी वापरायचे आणि कामगारानं तेवढ्यासाठी आण्याचं व्याज भरायचं. आयोगानं हे ओळखलं होतं. कापड गिरण्यांसारख्या धंद्यांत सोळा दिवसांच्या आत पगार व्हावा अशी त्याची शिफारस होती. 1936च्या वेतन कायद्यात मात्र महिनाच राहिला. फक्त महिना संपल्यावर सात दिवसांत, आणि हजार किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर दहा दिवसांत पगार द्यायचं बंधन आलं. अर्धं औषध, पण लागू पडलं.

बांधकामावर याचंच दुसरं रूप आहे. ठेकेदार आठवड्याला खर्ची देतो आणि हिशेब काम संपल्यावर. माणसाचे आठ-दहा हजार ठेकेदाराकडे अडकलेले असतात आणि तो तेवढ्याच रकमेसाठी रोजाचं व्याज भरत असतो. त्या शेडमध्ये मी हात वर करायला सांगितले. ज्यांचं कर्ज चालू होतं त्यातल्या बहुतेकांची मजुरी ठेकेदाराकडे बाकी होती. तेव्हा पहिला पर्याय कर्जाचा नाहीच, हिशेबाचा आहे. दर पंधरवड्याला सगळ्या टोळीनं मिळून हिशेब मागायचा. एकट्यानं मागितला तर दुसऱ्या दिवशी काम नाही, हे तेही जाणतात.

दुसरा पर्याय गिरणगावानं चालवून पाहिलेला आहे. 1911 साली जोशींनी काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगनं गिरणी कामगारांच्या सहकारी पतसंस्था बांधल्या. तत्त्व साधं होतं. ओळखीच्या माणसांनी एकमेकांना जामीन राहायचं आणि पगारातून हप्ता द्यायचा. अडचणही साधीच. पतसंस्था नवं कर्ज देऊ शकते, पण जुनं फेडल्याशिवाय माणूस तिचा हप्ता भरू शकत नाही, कारण सावकार पगाराच्या दिवशी दाराशी आधी उभा असतो. पुढे 1975 साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांनी बँकेचं कर्ज गटाच्या जामिनावर मिळवून दिलं, आणि बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या वहीतून बाहेर निघू लागल्या. नऊ हजार रुपये वर्षाला बारा टक्क्यांनी घेतले आणि तसेच शंभर दिवसांत फेडले तर व्याज दीडशेच्या आसपास पडतं. हजार आणि दीडशे.

वस्तीत भिशी होतीच. वीस जणांची, महिन्याला पाचशेची. मी ती मोडा म्हटलं नाही, पण तिचा दोष सांगितला. ताप नंबर बघून येत नाही. ज्याचा नंबर सतरावा, तो चौथ्या महिन्यात सावकाराकडेच जातो. आणि बोली लावून उचलायची भिशी असेल तर ज्याला गरज जास्त तोच जास्त सोडतो, म्हणजे तेही व्याजच. त्यांनी भिशीतले शंभर रुपये दरमहा बाजूला काढून आजारपणाची वेगळी पेटी करायचं ठरवलं. वीस जणांचे महिन्याला दोन हजार. फार नाहीत, पण दवाखान्यातली पहिली रात्र निघते.

कायद्याबद्दल थोडक्यात बोललो. महाराष्ट्राच्या 2014च्या सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना हिंदू न्याय, तो इथे टिकला. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. पण सोबत काय नेणार? टिंब मारलेलं कार्ड सावकाराकडेच राहतं. म्हणून आपल्या वहीत तारीख आणि रक्कम रोज लिहायची, जमेल तेव्हा पैसे मोबाइलवरून द्यायचे, म्हणजे खूण राहते. आणि एटीएमचं कार्ड गहाण ठेवायचं नाही. हे बोलल्यावर शेडमध्ये एकदम शांतता पसरली. नंतर कळलं, सहा जणांची कार्डं आणि पिन सावकाराकडे होते. गिरणीच्या दारात काठी घेऊन उभं राहायची आता त्याला गरज नाही. मजुरी खात्यात जमा झाली की तो स्वतःच काढून घेतो.

1996च्या बांधकाम कामगार कायद्यानं आलेल्या मंडळात नाव नोंदवलं तर आजारपण, बाळंतपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदत मिळते. म्हणजे ज्या कारणांनी माणूस सावकाराकडे जातो, तीच बरीचशी. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देत नाही. चाळीसपैकी नोंदणी झालेले पाच निघाले.

निघताना तो नांदेडचा गवंडी गेटपर्यंत आला. त्याचे सदुसष्ट दिवस झाले होते, तेहतीस राहिले होते. नवं घेऊ का, असं त्याला विचारायचं होतं. मी म्हणालो, ठेकेदाराकडे तुझं किती आहे? तो म्हणाला, साडेसात हजार. बाकी होती तीन हजार तीनशे. त्यानं बोटांवर वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि मुकादम अजून साइटवर आहे का ते बघायला मागे वळला.