भविष्यवाणीचा खर्च आणि अनाम श्रम : इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकाचा एक आर्थिक विचार

दैवाने निवडलेला पुरुष अवतरतो आणि काळ पालटतो, ही कथारचना मध्ययुगीन वाङ्मयात सर्वत्र आढळते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्रही तिला अपवाद नाही. परमानंदाच्या शिवभारतात ते विष्णूचे अवतार आहेत, तर सभासदाच्या बखरीत शंभु महादेवाचा अंश. या श्रद्धेच्या सत्यासत्यतेत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. अवतारास राजा म्हणून मान्यता मिळवून देण्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र अवतारकथेत उद्भवतच नाही. त्याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रथम खर्चाचा आकडा पाहू. सभासदाने एकूण खर्च एक कोटी बेचाळीस लक्ष होन दिला आहे. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतील अब्राहम ले फेबर याने समारंभानंतर सुमारे चार महिन्यांनी लिहिताना समारंभ व दानधर्म मिळून दीड लाख पगोडे, म्हणजे तितकेच होन, असे नमूद केले. दोन्हींत नव्वद पटींहून अधिक अंतर आहे. होनाचे वजन स्थूलमानाने तीन ग्रॅम धरल्यास सभासदाच्या आकड्याचे सोने बेचाळीस टनांवर जाते. ते अशक्यप्राय आहे. याउलट रायगडावर प्रत्यक्ष हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन सुवर्णतुलेस सुमारे सोळा हजार पगोडे लागल्याचे व आणखी एक लाख ब्राह्मणांस वाटावयाचे असल्याचे लिहितो. सोळा हजार होन म्हणजे त्याच हिशेबाने सुमारे अठ्ठेचाळीस किलो. हे वजन एका सडपातळ प्रौढ पुरुषाचे असू शकते. दोन्ही रकमा मिळून एक लाख सोळा हजार होतात आणि डच आकड्याच्या जवळ येतात. सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे, तेवीस वर्षांनंतर बखर लिहिली. त्याचा आकडा हिशेब नसून वैभवाचे वर्णन आहे, असे म्हणणे भाग आहे.

दीड लाख होन हीही लहान रक्कम नव्हे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ (६ जून १६७४) रोजी राज्याभिषेक झाला आणि जुलैच्या मध्यास, ऐन पावसाळ्यात, मराठी फौज पेडगावच्या मोगल छावणीवर चालून गेली. दोन हजार स्वारांनी हुलकावणी देऊन बहादूरखानास छावणीबाहेर ओढले आणि सात हजारांनी दुसऱ्या वाटेने येऊन रिकामी छावणी लुटली. एक कोट रुपये व दोनशे उत्तम घोडे हाती लागल्याची बातमी तेव्हा पसरली. या आकड्यासही सभासदाच्या आकड्याइतक्याच सावधगिरीने घ्यावे लागते. छावणीत राहण्याच्या ऋतूत फौज बाहेर पडली, यावरून जदुनाथ सरकारांनी खजिना रिता झाला होता असा निष्कर्ष काढला; तो पटण्यासारखा आहे. राज्याभिषेकाच्या वर्णनात गागाभट्टांचे नाव ठळक आहे, पण या नऊ हजारांपैकी एकाचेही नाव त्यात नाही. मराठी कागदपत्रांत ‘सिंहासनपट्टी’ ही बाबही दिसते. अशी पट्टी वतनदाराच्या नावे निघाली तरी ती अखेरीस रयतेपर्यंत उतरणे वतनव्यवस्थेच्या स्वभावातच होते.

भविष्य सांगणाऱ्यांतही वाद होता, ही बाब अधिक बोलकी आहे. शिवराज्याभिषेककल्पतरू या ग्रंथात निश्चलपुरी हे पहिल्या समारंभातील उणिवा व अपशकुन दाखवितात. प्रतापराव गुजर आणि राणी काशीबाई यांचे मृत्यू राज्याभिषेकापूर्वीचे, तर राजमाता जिजाबाईंचे निधन त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी झालेले. परिणामी २४ सप्टेंबर १६७४ रोजी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. म्हणजे दैवी निवड एकदा सिद्ध होऊन भागले नाही. दुसऱ्या परंपरेच्या हस्ते ती पुन्हा करावी लागली, आणि पुन्हा दक्षिणाही आली.

महाराजांना या भाराची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. १९ मे १६७३ च्या चिपळूणच्या पत्रात त्यांनी अंमलदारांस बजावले की, दाणावैरण बेतानेच खर्चावी. ती संपल्यावर लोक कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, भाजी उचलू लागतील आणि रयतेस मोगल बरा वाटेल. अवतारकथेपेक्षा या पत्रातील राजा इतिहासास अधिक उपयोगाचा आहे.

रायगडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरले, म्हणून ते उरले. पाथरवट, गवंडी आणि पाणके यांच्यासाठी तेवढीही पायरी नाही.

इ.स. १६५७ मध्ये महाराजांनी प्रथम घेतलेल्या कल्याण-भिवंडी प्रांताकडे, आजच्या खडवली-मुरबाड परिसराकडे, वळल्यास हा प्रश्न अधिक जवळून दिसतो. राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून कल्याणमार्गे जुन्नरला गेला. त्याने कल्याणचे भव्य भग्नावशेष व वाटेवरच्या खेड्यांतील दारिद्र्य नोंदविले. फ्रायर परका होता, मराठी राज्याविषयी त्याचे मत कलुषित होते, आणि हा मुलूख मोगल-मराठा युद्धात दोन्ही बाजूंनी तुडवला गेला होता. त्यामुळे त्या दारिद्र्याचा संबंध थेट राज्याभिषेकाशी जोडता येत नाही. तरीही भातसा आणि काळू नद्यांच्या खोऱ्यांतील रयतेविषयीची ती नोंद त्याच एका वर्षाच्या आतबाहेरची आहे. बखरीत त्या वर्षी सोन्याचे सिंहासन आहे. फ्रायरच्या वहीत घाटवाटेवरचे उपाशी गाव.