कड कशी विरत गेली?

एका छायाचित्रातील वस्तू कापून दुसऱ्या चित्रावर ठेवली की ती चिकटवल्यासारखी दिसते. तिची कड हळूहळू विरत नेली तर ती खालच्या चित्रात मिसळते. संगणकावर हे काम 'लेयर मास्क'च्या साहाय्याने, म्हणजे चित्राच्या थरावर घातलेल्या मुखवट्याने करतात. या मुखवट्यामागची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रांत चेहरा स्पष्ट आणि खांद्यांखालचा भाग पांढऱ्या कागदात विरलेला असे. छायाचित्रकार जाड पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडून तो निगेटिव्हच्या थोडा वर धरीत आणि खालच्या कागदावर प्रकाश पडू देत. पुठ्ठा निगेटिव्हला टेकलेला नसल्यामुळे भोकाच्या कडेशी गडद छायेऐवजी उपछाया पडे. भोकाच्या मध्याखाली कागद पूर्ण काळवंडे, कडेला कमी आणि पुठ्ठ्याखाली मुळीच नाही. ग्रहणाच्या धड्यातील उपछायाच येथे उपयोगी पडत होती. मात्र चित्र विरत होते ते कोऱ्या कागदात. ती विरलेली कड उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवता येत नव्हती, कारण ती पारदर्शक नव्हती, नुसती पांढरी होती.

हा फरक मिटला तो १९७७ साली. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ संगणकाने चित्रे काढत होते. चित्रातील प्रत्येक ठिपक्यासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवले जात. अडचण कडेच्या पिक्सेलची होती. तो अर्धा वस्तूने व्यापलेला असेल, तर उरलेल्या अर्ध्यात मागचा रंग मिसळावा लागे, आणि मागचे चित्र बदलले की गणित पुन्हा करावे लागे. त्यांनी प्रत्येक पिक्सेलला चौथा आकडा जोडला. हा पिक्सेल किती अपारदर्शक आहे, हे तो सांगतो. त्याला त्यांनी 'अल्फा' नाव दिले. अल्फा ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. १९८४ साली ल्यूकासफिल्ममधील टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रे एकमेकांवर रचण्याचे नियम सूत्रबद्ध केले. त्यांतील आपल्या कामाचा नियम असा:

दिसणारी छटा = अल्फा × वरची छटा + (१ − अल्फा) × खालची छटा

समजा, वरची वस्तू उजळ आहे, छटा २००. खालचे चित्र गडद आहे, छटा ४०. सरळ कापले तर कडेशी २०० नंतर एकदम ४० येतात. आता अल्फा १, ०.७५, ०.५, ०.२५, ० असा उतरवत नेऊ. छटा येतात २००, १६०, १२०, ८०, ४०. वस्तूचे मूळ रंग तसेच राहिले; बदलला तो फक्त त्यांचा वाटा.

१९९४ साली आलेल्या फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आणि थरांवरचे मुखवटे आले. मुखवटा हे स्वतंत्र करडे चित्र असते. त्यात पांढरे तेथे वस्तू दिसते, काळे तेथे लपते आणि करडे तेथे अर्धवट दिसते. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा 'ग्रेडियंट', म्हणजे क्रमाने उतरणारी छटा, ओढला की कड विरते. खोडरबराने पुसलेला भाग गेला तो गेला. मुखवट्यात मात्र काळ्यावर पांढरे फिरवले की वस्तू परत येते.

तरीही काही गोष्टी बिघडतात. वस्तू पांढऱ्या भिंतीपुढे टिपलेली असेल, तर तिच्या कडेच्या पिक्सेलमध्ये भिंतीचा पांढरा आधीच मिसळलेला असतो. ग्रेडियंट कापलेल्या रेषेवर पुरा काळा झाला नाही, तर तेथे फिकट किनार उरते. खाली गडद थर ठेवून पाहिले की ती लगेच उघडी पडते. उपाय एवढाच, की ग्रेडियंट वस्तूच्या आत सुरू करून कापलेल्या रेषेच्या अलीकडेच काळा करावा.

दुसरा दोष लांबलचक उतारात दिसतो. आठ बिटांच्या चित्रात छटा पूर्णांकांतच असतात. वरच्या उदाहरणात २०० ते ४० मध्ये १६० पायऱ्या आहेत. त्या १६०० पिक्सेलवर पसरल्या तर प्रत्येक पायरी १० पिक्सेल रुंद होते आणि सपाट भागात पट्टे दिसू शकतात. मुखवट्यात थोडे बारीक दाणे मिसळले की पायऱ्यांच्या सीमा मोडतात.

तिसरा दोष चित्रात नसून डोळ्यांत असतो. उतार जेथे एकदम सुरू होतो तेथे उजळ आणि जेथे संपतो तेथे गडद रेघ भासते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली या रेघांचे वर्णन केले. आकडे तपासले तर तेथे रेघ नसते. म्हणून उतार दोन्ही टोकांना मंद आणि मधे वेगवान ठेवतात.

हे वर्गात पडताळता येईल. पुठ्ठ्याला भोक पाडून उन्हात पांढऱ्या कागदावर धरा आणि हळूहळू वर न्या. छायेची कड रुंद होत जाते. वर्गात संगणक असल्यास तेवढ्याच रुंदीचा ग्रेडियंट पडद्यावर ओढा आणि दोन्ही कडांशी माखच्या रेघा दिसतात का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.