सबस्क्रिप्शन बंद केलं तर सिबिल स्कोअर पडतो का?

नुसतं बंद केल्याने पडत नाही. ओटीटी किंवा प्रीपेड सिमचे पैसे आपण आधीच भरलेले असतात, त्यामुळे मागे काही राहत नाही. अडचण येते ती पोस्टपेडमध्ये, कारण तिथे वापर आधी आणि बिल नंतर.

समजा, मरोळची भाड्याची खोली सोडताना तुम्ही पोस्टपेड ब्रॉडबँड बंद केलं. शेवटच्या 12 दिवसांचे 300 आणि परत न दिलेल्या राउटरचे 1,100, असं 1,400 रुपयांचं बिल जुन्या ईमेलवर गेलं आणि तुम्ही ते पाहिलंच नाही. ही थकबाकी कंपनी सिबिलसारख्या संस्थेला कळवू शकते. तशी नोंद झाली, तर पुढे लोन मागताना ती बँकेला दिसते.

वसुलीची नोटीस किंवा वकिलाचं पत्र म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. रक्कम कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तपासा आणि तिथेच भरा, एजंटने पाठवलेल्या लिंकवर नको. मग थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या.

सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई मिळते.