मुंथेची कुळकथा: एकाच्या तोंडी प्रस्थान, दुसऱ्याच्या तोंडी मुक्काम

वर्षफल मांडताना ज्योतिषी ‘यंदा मुंथा आठवी’ म्हणतो. हा शब्द संस्कृत व्याकरणाच्या कुठल्याही धातूवर नीट बसत नाही. त्याचं माहेर अरबी आहे, आणि त्याचं पाश्चात्त्य भावंड म्हणजे ‘प्रोफेक्शन’.

रीत अगदी सोपी. जन्मलग्नाची रास पहिल्या वर्षाची, मग दर वाढदिवसाला एक रास पुढे. पूर्ण झालेल्या वर्षांना बाराने भागायचं, बाकी राहील तितक्या राशी लग्नापासून पुढे जायचं. सिंह लग्नाच्या माणसाला 34 वर्षं पूर्ण झाली, तर बाकी 10. सिंहेपासून दहा राशी पुढे मिथुन, म्हणजे अकरावं स्थान. मिथुनेचा स्वामी बुध, तोच वर्षाचा धनी. चूक नेहमी एकाच जागी होते: ‘पस्तिसावं चालू आहे’ म्हणून 35 धरले, की कर्क येते आणि वर्ष चंद्राच्या हाती जातं. ताळा सोपा आहे: 12, 24, 36 पूर्ण होताच रास पुन्हा लग्नावर आली पाहिजे.

दुसऱ्या शतकात अँटिओकच्या व्हेटियस व्हॅलेन्सने ही रीत विस्ताराने लिहिली. त्याचा ग्रीक शब्द ‘पारादोसिस’, म्हणजे एका ग्रहाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवणं. पुढे अरबांनी ती उचलली, आणि इथे गंमत सुरू होते.

अरबीत तिला ‘इंतिहा’ म्हणतात, म्हणजे शेवट. जिथे पोचलं ते ठिकाण ‘मुंतहा’. लॅटिनमधल्या ‘प्रोफेक्तिओ’चा अर्थ मात्र निघणं, प्रस्थान! काहींना त्यात ‘पुढे सरकणं’ या अर्थाचा दुसरा लॅटिन धातू दिसतो, आणि रास सरकतेच, त्यामुळे तेही पटण्यासारखं आहे. पण शब्दाचं रूप प्रस्थानाच्याच बाजूने साक्ष देतं. अरबाने राशीचा मुक्काम पाहिला, लॅटिन लेखकाने तिचं निघणं.

संस्कृत ताजिक ग्रंथांत ‘इंथिहा’ही आहे आणि ‘मुंथहा’ही. मुंथेची आई यांपैकी दुसरीच. आरंभीचा ‘मु’ इंतिहाकडून येऊच शकत नाही. आणि ‘त’चा ‘थ’? शेजारच्या ‘ह’चा श्वास त्याला लागला असणार, मग शेवटी तो ‘ह’च गळाला आणि उरली मुंथा.

1587 च्या सुमारास नीलकंठ दैवज्ञाने ‘ताजिकनीलकंठी’ लिहिली. त्याचं घराणं मूळचं विदर्भातलं. तोवर रीतही बदलली होती. व्हॅलेन्सकडे राशीचा स्वामी थेट वर्षाचा धनी होतो. ताजिकात मात्र मुंथेश हा वर्षेशपदाच्या पाच उमेदवारांपैकी फक्त एक. जन्मलग्नेश, वर्षलग्नेश आणि आणखी दोघांशी बळाची तुलना होऊन निवड होते. म्हणून वरच्या सिंह लग्नाच्या माणसाचा मुंथेश बुध असला, तरी त्याचा वर्षेश शनीही निघू शकतो.